पेन्सिलीने केलेला गोल

लखनौला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. नवऱ्याची बँकेतली बदली, मग बदलीवर बदली टाळत इथंच राहणं. तेलीबागेत रायबरेली रोडच्या आतल्या अंगाला घर घेतलं. अमरावतीला मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते, इथं एका कोचिंग क्लासमध्ये लागले. दहावीचा विज्ञान विभाग. त्या क्लासात मी एका माणसाचा सूड घेतला. पाच महिने वाट पाहून घेतला. त्याबद्दल आजवर फक्त नवऱ्याला सांगितलंय, आणि तेही अर्धंच.

तो माणूस म्हणजे आमचे फिजिक्सचे हेड. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. पन्नाशीचे, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. शिकवायचे चांगलं, हे मला कबूल करावंच लागेल. प्रकाशाच्या धड्याची सुरुवात ते नेहमी एकाच वाक्याने करायचे, ‘लाइट हमेशा बाईं तरफ़ से आती है.’ पुस्तकांत आकृत्या तशा, प्रकाश डावीकडून येतोय अशा, काढायची पद्धत आहे, हे खरं. पण ती पद्धत आहे, निसर्गाचा नियम नाही.

माझ्याकडे शिकवण्याशिवाय आणखी एक काम होतं. मुलं घरून अडलेल्या प्रश्नांचे फोटो पाठवायची, त्यांना उत्तर द्यायचं. फोटो कसे यायचे ते काय सांगू. वाकडे, पिवळ्या दिव्यात काढलेले, अर्ध्या पानावर बोटाची सावली. आकृती बघायची माझी एक ठरलेली रीत झाली होती. आरसा असेल तर आधी मागच्या रेघोट्या कुठल्या बाजूला आहेत ते पाहायचं. रेघोट्या फुगीर बाजूला असल्या तर चकाकणारी बाजू आतली, म्हणजे आरसा अंतर्गोल. मग अक्षावरचे ठिपके मोजायचे, एफ म्हणजे नाभी कुठं, सी म्हणजे वक्रतेचं केंद्र कुठं, वस्तू त्यांच्या अलीकडे की पलीकडे. आणि सगळ्यात शेवटी, फोटो मोठा करून, किरणांवरचे बाण. बाण सांगतात प्रकाश कुठून निघाला. ज्या टोकाकडून निघाला ती वस्तू, जिथं किरण एकत्र आले ती प्रतिमा.

एके दुपारी छावणीत राहणाऱ्या एका मुलीचा फोटो आला. वडील सैन्यात, मुलगी शांत, वहीत समास आखून लिहिणारी. फोटो आमच्याच चाचणीच्या पेपरचा होता. बहिर्गोल भिंगाची आकृती, नावं नाहीत, नुसते ठिपके. भिंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे एफ आणि त्याच्या दुप्पट अंतरावरचा टू-एफ. डावीकडे टू-एफच्या पलीकडे एक मोठा उभा बाण. उजवीकडे एफ आणि टू-एफच्या मध्ये छोटा बाण, खाली तोंड केलेला. प्रश्न होता, प्रतिमा कशी आहे? मुलीने लिहिलं होतं, वास्तव, उलटी, वस्तूपेक्षा मोठी. सरांनी लाल शाईने काट मारली होती आणि लिहिलं होतं, ‘छोटी.’ खाली मुलीने मला विचारलं होतं, ‘मैम, मेरा ग़लत कैसे है?’

मी फोटो मोठा केला. किरणांवर बारीक बाण होते आणि ते उजवीकडून डावीकडे जात होते. म्हणजे वस्तू उजवीकडची, छोटी, उलटी धरलेली. एफ आणि टू-एफच्या मध्ये ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा पलीकडे टू-एफच्या बाहेर पडते आणि मोठी असते. मुलीचं उत्तर बरोबर होतं. झालं काय, ते माझ्या लगेच लक्षात आलं. टायपिंग करणाऱ्याने आकृती पानावर उलटी बसवली होती. ठिपक्यांना नावं नसल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. गंमत अशी की बाण पुसले तर ती आकृती दोन्ही बाजूंनी खरी दिसते. टू-एफच्या बाहेरच्या मोठ्या वस्तूची आत छोटी प्रतिमा, तेही बरोबरच. प्रकाशाची वाट उलट फिरवली तरी वाट तीच राहते. दोन उत्तरांत फरक फक्त बाणांचा होता.

मी मुलीला लिहिलं, ‘तुम्हारा उत्तर सही है. तीर देखो. सर को दिखाओ.’

माझं चुकलं ते इथं. मी स्वतः जाऊन सरांना सांगायला हवं होतं. मुलीने माझा निरोपच उघडून त्यांच्यासमोर धरला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही आठ-दहा शिक्षक होतो. सर आत आले, पेपर टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मैडम, आपके महाराष्ट्र में लाइट दाईं तरफ़ से आती है क्या?”

दोघं-तिघं हसले.

मी म्हटलं, “सर, बाण बघा. आकृती उलटी छापली गेलीय.” मी नकळत मराठीत बोलले. मग हिंदीत परत सांगितलं.

“तीर-वीर छोड़िए. बच्ची को आपने हेड के ख़िलाफ़ लिखकर दिया. लिखित में.” त्यांनी पेपर उचलूनसुद्धा पाहिला नाही. “ग्रुप में माफ़ी लिखिए. पैरेंट्स वाले ग्रुप में. आज ही.”

क्लासचे मालक तिथंच चहा घेत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कपात बघत राहिले.

मी लिहिलं. ‘प्रश्न चौदह के उत्तर में मुझसे भूल हुई. क्षमा करें.’ दीडशे पालकांच्या ग्रुपवर. खाली अंगठे येत गेले. त्या मुलीच्या आईचाही अंगठा आला. क्लास सुटल्यावर मी हजरतगंजच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्यात उभी राहून ते अंगठे मोजत होते, आणि तिथंच ठरवलं की हे मी फेडणार. कसं ते ठाऊक नव्हतं. पण असं काही ठरवल्यावर माणूस जसा हलका होतो तशी मी झाले.

पुढच्या आठवड्यात माझे वर्ग कमी झाले. फोटोंचं काम दुसऱ्याकडे गेलं. मला प्रुफं तपासायला बसवलं. सरांची प्रकाशावरची नवी पुस्तिका छापायला जायची होती. वर त्यांचा फोटो, त्यांचं नाव. आतल्या चुका शोधायच्या मी.

घरी नवरा म्हणाला, “सोडून दे ना. दुसरीकडे बघू.”

“आत्ता नाही,” मी म्हटलं.

“मग कधी?”

“माझं काम झालं की.”

तो समजला नाही, आणि मी समजावलं नाही.

मी प्रुफं मन लावून तपासली. हे खोटं वाटेल, पण खरं आहे. रेघोट्या चुकीच्या बाजूला गेल्या होत्या त्या दुरुस्त केल्या. आभासी प्रतिमेचे किरण सलग रेषेत होते ते तुटक करायला लावले, कारण आरशामागे प्रकाश जातच नाही, आपण फक्त रेषा मागे वाढवतो. पस्तीस-चाळीस चुका काढल्या असतील. सरांनी एकदाही धन्यवाद म्हटलं नाही. उलट एकदा म्हणाले, “देखा, यह काम आपके लायक़ है.” तेही मी मनात नीट ठेवून दिलं.

आणि मग सत्तावीस नंबरचं पान आलं.

अंतर्गोल आरशाची आकृती. सरांनी ती स्वतः सुंदर काढली होती, पुस्तिकेतली सगळ्यात देखणी. आधी त्यात वस्तू सीच्या बाहेर होती. शेवटच्या क्षणी त्यांनी ती बदलून सी आणि एफच्या मध्ये आणली, किरण नव्याने काढले, प्रतिमा सीच्या बाहेर मोठी आणि उलटी दाखवली. सगळं अचूक. फक्त खालचं उत्तर बदलायचं राहिलं. तिथं जुन्या आकृतीचंच होतं, ‘प्रतिबिंब सी और एफ के बीच, वास्तविक, उल्टा, छोटा.’

मी पेन्सिलीने त्या ओळीभोवती गोल केला. सवयीने हात चालला. मग थांबले. खिडकीखाली टेम्पोवाले ओरडत होते, बाजूच्या वर्गातून सरांचा आवाज येत होता, ‘बाईं तरफ़ से…’ मी खोडरबर घेतलं आणि गोल पुसला. हळूच, कागद फाटू नये म्हणून. पानाच्या कोपऱ्यात तपासल्याची खूण म्हणून लिहिलं, ‘देखा.’ सही केली.

त्या संध्याकाळी मी घरी पुरणपोळ्या केल्या. सण नव्हता काही.

पुस्तिका छापून आली आणि मालकांनी पालकांसाठी खुला दिवस ठरवला. सकाळी अकराला, मोठ्या हॉलमध्ये. सर पुस्तिकेचं एक पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि तेच प्रत्यक्ष करून दाखवणार. कुठलं पान, ते मला विचारायचीही गरज नव्हती. सगळ्यात सुंदर आकृतीचं. मांडणी करायचं काम माझ्याकडे.

मी सेंटिमीटरच्या खुणांचा ऑप्टिकल बेंच लावला. आरशाची नाभी वीस सेंटिमीटरवर, म्हणजे सी चाळीसवर. वस्तू म्हणून एक छोटा काळा डबा, आत बल्ब आणि आरशाकडच्या तोंडावर बाणाच्या आकाराची चीर. डबा तीसवर ठेवला, मधल्या रेषेच्या जरा बाजूला, म्हणजे परतणारा प्रकाश डब्यावर अडू नये. आधी बेंचवरचा छोटा पडदा साठवर नेऊन पाहिलं. दुप्पट मोठा, उलटा बाण, कडा सुरीने कापल्यासारख्या. मग पडदा काढून बाजूला ठेवला. खिडक्यांना जाड पडदे लावले.

हॉल भरला. सर उभे राहिले, पालकांकडे तोंड, बेंचकडे पाठ. म्हणाले, आमची पुस्तिका अशी आहे की मूल वाचेल आणि स्वतः करेल, शिक्षकाची गरज नाही. मग त्यांनी पहिल्या रांगेत नजर फिरवली.

“तुम आओ बेटा.”

छावणीतली ती मुलगी उठली.

हे मी योजलं नव्हतं. कुणी तरी मूल पुढे येणार हे ठाऊक होतं, पण मूल म्हणजे कुणी तरी मूल. तिने पुस्तिका हातात घेतली, भिंतीवरच्या आकृतीकडे पाहिलं, मग खालची ओळ वाचली आणि थांबली. तिच्या कपाळावर आठी आली. तिला दिसलं होतं. तिने हळूच म्हटलं, “सर, इसमें…”

“जो लिखा है वह ज़ोर से पढ़ो. और पर्दा वहीं रखो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलांवर उभी होते. मी बल्बच्या वायरीकडे पाहिलं.

तिने वाचलं, “सी और एफ के बीच, छोटा.” आणि पडदा पस्तीसवर ठेवला, डब्याच्या शेजारून. पडद्यावर एक पांढुरका धब्बा आला. बाण नाही, कडा नाही. सर अजून पालकांकडेच बघत होते. “देखिए, एकदम साफ़ इमेज,” ते म्हणाले. कुणी तरी मागे खाकरलं. सर वळले.

“ठीक से रखो,” त्यांनी मुलीला म्हटलं. तिने पडदा इंचभर इकडे, इंचभर तिकडे केला. धब्बा लहानमोठा झाला, एवढंच. “हाथ क्यों काँप रहा है? घर पर पढ़ती नहीं हो?” मुलीचे कान लाल झाले. तिचे वडील तिसऱ्या रांगेत होते, ताठ बसलेले. मग सर माझ्याकडे वळले. “मैडम ने सेटिंग ग़लत कर दी है. माफ़ कीजिएगा, नई हैं.”

चार वर्षं झाली होती मला तिथं.

मी पुढे झाले. मुलीच्या हातातून पडदा घेतला आणि बेंचवरून सरकवत नेला, चाळीसच्या पलीकडे, पन्नास, पंचावन्न. धब्बा आवळत आला. साठवर बाण उभा राहिला, खाली तोंड केलेला, डब्यावरच्या चिरेच्या दुप्पट. मागच्या रांगेतून ‘अच्छा’ असा आवाज आला. मी सगळ्यांना नीट पाहू दिलं.

मग म्हटलं, “सेटिंग सही है. सर की फ़िगर भी सही है. नीचे का उत्तर ग़लत छपा है. ऑब्जेक्ट सी और एफ के बीच हो तो इमेज सी के बाहर बनती है, और बड़ी.” थोडं थांबून पुढचं बोलले. ते पाच महिने तोंडात धरलं होतं. “और टेस्ट के प्रश्न चौदह में इस बच्ची का उत्तर सही था. फ़िगर उल्टी छपी थी, तीर दाईं से बाईं तरफ़ थे. माफ़ी मैंने माँगी थी. भूल मेरी नहीं थी.”

सरांनी भिंतीवरची आकृती पाहिली, हातातली पुस्तिका पाहिली. मग ती मिटली. तो उलटा बाण तिथं बेंचवरच्या पडद्यावर होता. मला फार आनंद झाला. तो आनंद खोटा होता, लाज वाटली, असलं काही मी लिहिणार नाही. लाज वाटली नाही.

मुलीच्या वडिलांनी उठून पेपर मागितला. मालकांनी तो तिथल्या तिथं आणवला, बाण पाहिले, संध्याकाळी ग्रुपवर निरोप गेला. माफी या वेळी सरांच्या नावाने होती. अंगठे आले. तेही मी मोजले.

हॉल रिकामा झाल्यावर मी वायरी गुंडाळत होते. ती मुलगी परत आली. दारात उभी राहून तिने विचारलं, “मैम, आपको पहले से पता था न?”

मी वायर गुंडाळत राहिले.

“आपने सब मिस्टेक निकाली थीं, सबको पता है. यह भी निकाली होगी.”

“हो,” मी म्हटलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

“तो मुझे क्यों जाने दिया?”

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी म्हटलं की तुझंच उत्तर मी सगळ्यांसमोर खरं करून दिलं. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, “वह तो आपने अपना किया, मैम,” आणि गेली.

चूक दुरुस्तीच्या पट्ट्या छापून आल्या. प्रत्येक पुस्तिकेत सत्तावीसव्या पानावर चिकटवायच्या होत्या. मालकांनी सरांना आणि मला एका टेबलावर बसवलं. दुपारभर आम्ही समोरासमोर बसून डिंक लावत होतो. तासाभराने सरांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. माझं प्रूफ. त्यांनी तो खिडकीकडे तिरपा धरला. पुसलेल्या गोलाचा दाब कागदावर होता, चांगला दिसत होता.

“यह आपने किया था,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता.

“किया था. फिर मिटाया.”

“मालिक को दिखा दूँ?”

“दिखा दीजिए.”

त्यांनी दाखवला नाही. का ते मला कळलं नाही. कदाचित त्यांनाही आणखी एकदा सगळ्यांसमोर उभं राहायचं नसेल. ते कागद घडी करून परत खिशात ठेवत म्हणाले, “उस दिन पेपर देख लेना चाहिए था मुझे.” मी पुढची पुस्तिका ओढली. मला त्यांना सोपं करून द्यायचं नव्हतं. त्यांच्या बोटांना डिंक लागून कागदाचे कपटे चिकटले होते, ते एकेक सोलून काढत होते, आणि मला ते बघायला आवडत होतं.

परीक्षा संपल्यावर मी राजीनामा दिला. आता तेलीबागेतच घरी शिकवते. सर अजून तिथंच आहेत, ऐकलं की हल्ली आकृतीत बाण आधी दाखवतात. ती मुलगी पुढच्या वर्षी, अकरावीच्या फिजिक्ससाठी, माझ्याकडे येईल असं मला वाटलं होतं. तिच्या आईला मी फोनही केला. आई फार गोड बोलली. म्हणाली, मुलीला विचारलं, ती म्हणते सरांकडेच ठीक आहे.

मी फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, “काय म्हणाल्या?”

“नाही म्हणाल्या,” मी म्हटलं, आणि भाजी चिरायला घेतली.